जे अन झालं का?

‘आज जे अन नाही शे आया केल्या भाऊ लाल आला होता.’

कऱ्हाडहून माझ्या आईनं आमच्या घरच्या ग्रुपवर टाकलेला हा मेसेज. माझ्या भावानं लगेच फोन करून ‘हा भाऊलाल कोण?’ म्हणून विचारलं. मी तो वाचून सोडून दिला. नागपूरला हॉस्टेलवर असलेल्या माझ्या लेकीनं मात्र दोन मिनिटांत उत्तर लिहिलं, ‘आजी, शेवया गोडाच्या की तिखटाच्या? मामाआजोबा काल एकटेच आले होते का?’

आई जुनी अकरावी झालेली, ७५ ओलांडलेली. स्मार्टफोन हातात येऊन फार दिवस झालेले नाहीत. तिला लिहायचं मराठीत असतं, पण तिच्या फोनवर इंग्रजी अक्षरं दाबून मराठी उमटवणारा कीबोर्ड आहे. ‘kal’ लिहिलं की वरच्या पट्टीत ‘काल’, ‘कल’ असे पर्याय येतात आणि स्पेस दाबली की पहिला पर्याय मेसेजमध्ये जाऊन बसतो. स्पेस दाबणं म्हणजे शब्द पक्का करणं, ही गोष्ट लक्षात ठेवायची. आईच्या निम्म्या मेसेजांचा उलगडा तिच्यात आहे.

आपण की दाबतो तेव्हा आपलं लक्ष बोटाच्या टोकाकडे असतं, पण काचेला टेकतो तो बोटाचा मऊ भाग, टोकाच्या जरा खाली. बोट जाड असेल, हात किंचित कापत असेल, तर हा फरक आणखी वाढतो. कीबोर्डवर सगळ्यात खालच्या ओळीत v, b, n, m ही अक्षरं आहेत आणि त्यांच्या लगेच खाली लांबलचक स्पेस. आई v दाबायला जाते आणि बोट स्पेसवर पडतं. ‘jevan’चं ‘je an’ होतं. साध्या टायपिंगमध्ये ही चूक निदान चूक म्हणून दिसली असती. इथं स्पेस पडताक्षणी फोन ‘जे’ हा शब्द पक्का करतो, पुढे ‘अन’ हा दुसरा शब्द पक्का करतो, आणि दोन्ही मराठीच दिसतात. ‘shevaya’ची ‘शे आया’ झाली ती अशीच. ‘लाल’चं कारण निराळं, k आणि l शेजारी शेजारी आहेत. म्हणजे भाऊ काल आला होता.

लेकीनं हे कुठं वाचलेलं नव्हतं. ‘जे अन’ पुन्हा पुन्हा येतंय हे तिच्या लक्षात आलं आणि तिनं स्वतःच्या फोनवर तेच शब्द मुद्दाम चुकवून लिहून पाहिले. मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे की आईच्या चुका कशाही होत नाहीत. बोट तेच, कीबोर्ड तोच, म्हणून चूकही तीच. वर कीबोर्ड आपण निवडलेले शब्द लक्षात ठेवतो. चुकलेला शब्द चार वेळा गेला की पाचव्या वेळी तो आपणहून पुढे करतो. त्यामुळे आईचं ‘जे अन’ आता इतकं मुरलंय की बोट नीट पडलं तरी कधी कधी तेच उमटतं.

मग आईला माईक सापडला. खरं तर दोन माईक. व्हॉट्सअ‍ॅपच्या पट्टीतला माईक दाबून धरला तर आवाजच जातो, कीबोर्डवरचा दाबला तर बोललेलं अक्षरांत उतरतं. आईला दुसरा आवडला. आवाज पाठवला तर तो वर्गात, बसमध्ये कुणीही ऐकेल, लिहिलेलं कसं आपल्यापुरतं राहतं, असं तिचं म्हणणं. तेव्हा हा मेसेज आला:

‘पाऊस ने डाली ला कीड लागली वाल वाला ठेवली तो काल जी करो न को’

मी ‘काल’ बघून पुन्हा कुणीतरी येऊन गेलं असं धरलं. लेकीनं आधी मेसेज मोठ्यानं वाचला. डोळ्यांना जे अडतं ते कानाला पुष्कळदा कळतं, कारण यंत्रानं लिहिलंय तेही ऐकूनच. मग तिनं एक गोष्ट हेरली, एवढ्या मोठ्या मेसेजात ‘ळ’ एकदाही नव्हता. आजी डाळीबद्दल बोलतेय आणि ळ नाही, म्हणजे माईक हिंदीवर गेलाय. हिंदीत ळ नाही, तेव्हा यंत्र त्याचा ल करतं आणि मराठी शब्दाचे जमतील तसे हिंदी तुकडे पाडतं. प्रत्येक ‘ल’च्या जागी ‘ळ’ घालून बघितला की ‘वाल वाला’ हे ‘वाळवायला’ होतं आणि ‘काल जी करो न को’ हे ‘काळजी करू नको’. डाळीला कीड लागली होती, ती वाळवायला ठेवली होती, एवढंच.

माईक हिंदीवर गेला कसा? कीबोर्डवर एकाहून जास्त भाषा असतील तर स्पेसच्या शेजारी पृथ्वीच्या गोळ्याचं चिन्ह येतं. ते दाबलं की भाषा बदलते आणि माईकही त्या भाषेत ऐकायला लागतो. फोन विकणाऱ्यानं हिंदी घालून दिली होती. आईचं बोट स्पेसच्या आसपास कुठं कुठं पडतं ते वर आलंच आहे.

लेक कधी ‘आजी, चुकलंय’ असं लिहीत नाही. आपल्या उत्तरात तोच शब्द नीट लिहून परत पाठवते. आजी तो बघते, पटलं तर पुढे बोलते, नाही तर ‘नाही ग’ म्हणून पुन्हा सांगते. ‘नाही ग’ आलं की समजायचं, वाचताना आपलं काहीतरी चुकलं.

एका बाबतीत मात्र तिनं अंदाज करायचा नाही असं ठरवलंय. औषधं आणि पैसे. बोलून लिहिलेल्या मेसेजात स्वल्पविराम नसतो, पूर्णविराम नसतो. एकदा संध्याकाळी आलं, ‘गोळी घेतली नाही तर चक्कर आली म्हणून पडून आहे’. गोळी घेतली नाही आणि त्यामुळे चक्कर आली? की गोळी घेतली, नाहीतर चक्कर येते, म्हणून जरा पडलीय? शब्द सगळे बरोबर, मराठी स्वच्छ, आणि तरी गोळी पोटात गेलीय की नाही ते कळत नाही. इथं ळ शोधून काही उपयोग नव्हता. तिनं सरळ फोन लावला. गोळी राहिली होती. रक्तदाबाची. मग तिनं शेजारच्या काकूंना फोन करून आजीजवळ जाऊन बसायला सांगितलं आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय राहिलेली गोळी आता घ्यायची नाही, असंही आजीला बजावलं.

दिवाळीला लेक कऱ्हाडला गेली तेव्हा फोन घेऊन बसली. हिंदी काढून टाकली, तसा पृथ्वीचा गोळा गेला. वरच्या पट्टीत येणारे ‘जे’ आणि ‘अन’ एकेक करून दाबून धरले आणि ओढून कचऱ्याच्या डब्यात टाकले, म्हणजे कीबोर्ड ते विसरतो. मग सेटिंगमध्ये जाऊन कीबोर्डची उंची सगळ्यात जास्त केली. की उंच झाल्या, v आणि स्पेसमधलं अंतर वाढलं. आईनं लगेच ‘जेवण झालं का’ लिहून पाहिलं. जेवण अखंड आलं.

दुसऱ्या दिवशी तिची तक्रार आली. कीबोर्डनं अर्धा पडदा खाल्ला होता, आणि नातीनं आधी काय लिहिलंय ते बघत बघत उत्तर द्यायची तिची सवय. ‘तुझं वरचं दिसतच नाही ग, मी काय बोलू?’ शेवटी उंची एक पायरी खाली आणली. व अधूनमधून पडतोच. परवाच ग्रुपवर आलं, ‘थंडी पडली, गो ऱ्या थाप आयला घेतल्यात’. या वेळी भावानं फोन केला नाही, नुसतं लिहिलं, ‘अगं, पाठ सांभाळ, थोड्याच थाप.’