फरशी सुकली, भिंत अजून ओलीच

22 जुलै 2021. वाशिष्ठी आणि शिव नद्यांचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. ते ओसरल्यावर लोकांनी फावड्यांनी चिखल ओढला, फरश्या धुतल्या, पंखे लावले. त्या वर्षी गणपती 10 सप्टेंबरला होते, म्हणजे जेमतेम सात आठवड्यांवर. अशा वेळी तळमजल्याची खोली रंगवून घेण्याची घाई कुणालाही होईल. पण ओल्या भिंतीवरच्या बुरशीला नेमकी हीच घाई मानवते.

पहिला गैरसमज असा की फरशी कोरडी झाली आणि भिंत हाताला ओली लागली नाही, म्हणजे खोली सुकली. थोडा हिशेब करून पाहावा. 10 बाय 12 फुटांची खोली, नऊ इंची विटांच्या भिंती, आत चार फूट पाणी. दार वगळलं तर सुमारे 40 फूट लांबीची भिंत पाण्यात होती. एवढ्या भिंतीचं वजन सहा टनांच्या आसपास भरतं. साधी वीट आपल्या वजनाच्या 10 ते 20 टक्के पाणी सहज पिते. 10 टक्केच धरले तरी सहाशे लिटर पाणी भिंतीत बसलेलं असतं आणि पोछ्याने त्यातलं काहीच निघत नाही. शिवाय विटेतल्या बारीक छिद्रांतून ते वर चढतं, म्हणून पुराच्या रेघेच्या वरही ओल दिसते. भिंतीचा पृष्ठभाग आधी सुकतो. आतलं पाणी बाहेर यायला महिने लागतात. बुरशीला मात्र ओल्या लाकडावर किंवा कापडावर उगवायला एक-दोन दिवस पुरतात.

म्हणून पहिल्या आठवड्यात काम भिंतीचंच. वायरमनकडून स्विचबोर्ड उघडून, तपासून घेतल्याशिवाय वीज सुरू करू नये. चिखल त्या डब्यांतही बसलेला असतो. कापसाच्या गाद्या आणि फुगलेलं प्लायवूड टाकून द्यावं, ते वाचत नाही. कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे ओढावीत. बोटांनी ठोकल्यावर पोकळ वाजणारं प्लास्टर पाडावं. तैलरंगाचा पापुद्रा खरवडून काढावा, कारण त्याच्याआडून वाफ बाहेर पडत नाही.

दुसरा गैरसमज खिडक्यांचा. ‘दिवसरात्र उघड्या ठेवा, वाऱ्याने सुकेल’ हे उन्हाळ्यात खरं आहे. कोकणातल्या श्रावणात हे अर्धंच खरं. 26 अंशांना 95 टक्के आर्द्रता असलेली हवा दर घनमीटरला जेमतेम एक ग्रॅम पाणी आणखी सामावते. उघडीप पडून पारा 32 वर आणि आर्द्रता 60 टक्क्यांवर आली, तर तीच हवा 13 ग्रॅमपर्यंत घेते. सुरुवातीला खोलीतली हवा बाहेरच्याहून ओली असते, तेव्हा सगळं उघडं ठेवावं आणि एक पंखा खिडकीतून बाहेर हवा फेकेल असा लावावा. पुढे उघडीप असताना खिडक्या उघडाव्यात, पाऊस लागला की मिटाव्यात. मिटलेल्या खोलीत एसी असेल तर तो ‘ड्राय’वर चालवावा, त्याच्या नळीतून बादलीत पडणारं पाणी खोलीतलंच असतं. साध्या आर्द्रतामापकावर आकडा 60 च्या खाली राहिला तर बुरशीला जोर धरता येत नाही.

ब्लीचिंग पावडर किंवा फिनेल मारलं की बुरशी संपते, हा तिसरा समज. फरशीसारख्या गुळगुळीत जागेवर क्लोरीनचं पाणी काम करतं. प्लास्टर आणि लाकूड सच्छिद्र असतात. तिथे वरचा काळा रंग उडतो, आतली मुळं राहतात आणि ओल असेपर्यंत पुन्हा फुटतात. मेलेली बुरशीही दमेकऱ्यांना त्रास देते. त्यामुळे कोरड्या कुंच्याने झाडू नये. एन-95 मास्क लावून, साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसावी आणि फडकं फेकून द्यावं. ब्लीचिंग आणि संडास धुण्याचं ॲसिड कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो आणि बंद खोलीत तो जिवावर बेतू शकतो.

भिंतीवरची पांढरी भुकटी पाहून घाबरणारेही बरेच असतात. बहुतेक वेळा ती बुरशी नसते, क्षार असतात. पाण्याचा थेंब टाकल्यावर विरघळले तर क्षारच. कोरड्या ब्रशने ते झाडावेत. भिंत अजून पाणी बाहेर टाकते आहे, एवढंच ते सांगतात.

राहिला रंग. दीड फूट लांब-रुंद जाड प्लास्टिकचा तुकडा चारही कडांना चिकटपट्टीने भिंतीवर हवाबंद लावावा आणि एक दिवस ठेवावा. आतल्या बाजूला दव जमलं तर भिंत ओली आहे. ही चाचणी पुराच्या रेघेखाली, दोन-तीन ठिकाणी करावी. त्या वर्षीच्या गणपतीला अशा भिंतींवर प्लास्टिक पेंट देणं म्हणजे ओल आत कोंडणं होतं. पापुद्रे सुटतात आणि त्यांच्याआड काळे ठिपके वाढतात. सण दारात असेल तर चुन्याची सफेदी करावी. ती वाफ अडवत नाही, स्वस्तही पडते. प्लास्टिक पेंट पुढच्या उन्हाळ्यात, प्लास्टिकखाली दव दिसेनासं झाल्यावरच द्यावा.