मायक्रोकोडच्या दोन वाटा

प्रोसेसरने काही आज्ञा कशा पार पाडाव्यात, हे त्यातील मायक्रोकोड ठरवितो. मूळ मायक्रोकोड चिपमध्ये कायमचा असतो. त्याची दुरुस्ती मात्र वीज जाताच पुसली जाते. म्हणून संगणक सुरू होताना ती दर वेळी भरावी लागते. प्रथम मदरबोर्डवरील फर्मवेअर ती भरते. ऑपरेटिंग सिस्टिमजवळ अधिक नवी आवृत्ती असल्यास ती नंतर भरली जाते.

भारतात दोषांच्या सूचना दिल्लीची सर्ट-इन ही सरकारी संस्था प्रसृत करते. परंतु नवे फर्मवेअर संगणकाच्या निर्मात्याकडूनच यावे लागते. जुन्या यंत्रांसाठी ते पुष्कळदा येतच नाही. तेथे दुसरी वाट उपयोगी पडते.

जानेवारी २०१८ मध्ये ‘स्पेक्टर’ या दोषावरील इंटेलच्या दुरुस्तीमुळे हॅसवेल व ब्रॉडवेल प्रोसेसरांचे काही संगणक आपोआप पुन्हा सुरू होऊ लागले. २२ जानेवारीस कंपनीने ती बसविणे थांबविण्यास सांगितले. ऑपरेटिंग सिस्टिममार्फत घेतलेली दुरुस्ती फाइल काढून संगणक पुन्हा सुरू करताच जाई. फर्मवेअरमधून आलेली असल्यास मात्र जुने फर्मवेअर परत लिहावे लागे. कारण ऑपरेटिंग सिस्टिम सहसा नव्या आवृत्तीवर जुनी चढवीत नाही.

तरीही पहिली वाट सोडता येत नाही. ऑपरेटिंग सिस्टिम जागी होण्यापूर्वीच प्रोसेसर काम करीत असतो, आणि तेवढ्या काळात दुरुस्ती केवळ फर्मवेअरच देऊ शकते.