टेल्मिसार्टन चाळीस, एचवाली की साधी?

औषधांच्या घाऊक विक्रेत्याकडे, म्हणजे स्टॉकिस्टकडे, सकाळी फोन खणखणू लागले की दुपारची डिलिव्हरी निघेपर्यंत उसंत नसते. पलीकडे केमिस्ट असतो, समोर गिऱ्हाईक उभं असतं, आणि तो एका दमात यादी सांगतो. "ताई, टेल्मिसार्टन फोर्टी एच दहा, मेटफॉर्मिन फाइव्ह हंड्रेड वीस, इन्सुलिन तीस-सत्तर पाच." एवढ्याशा वाक्यात चुकायच्या निदान तीन जागा आहेत. ऑर्डर ॲपवरूनही येतात, पण ज्याचे हात काउंटरवर गुंतलेले असतात त्याला आजही फोनच सोयीचा. म्हणून फोन घेणाऱ्या टेबलाची व्यवस्था नीट लावायला हवी.

सुरुवात फोन कुणाचा आहे हे ओळखण्यापासून होते. नंबरावरून केमिस्टचं खातं आपोआप उघडावं, ही साधी अपेक्षा. पण तोच नंबर कुणी आधी शून्य लावून साठवलेला असतो, कुणी +91 लावून, कुणी मध्ये जागा सोडून. म्हणून जुळवताना फक्त शेवटचे दहा अंक घ्यावेत. नंबर जुळला म्हणजे दुकान कळलं, असंही नाही. एकाच मालकाची दोन दुकानं असतात, आणि भाचा मामाच्या मोबाइलवरून फोन करतो. अशा वेळी पडद्यावर एकच खातं उघडणं घातक. त्या नंबराची सगळी खाती गावासकट दिसावीत आणि "स्टँडजवळच्या दुकानासाठी ना?" असं विचारूनच पुढे जावं.

नंबर अनोळखी असेल तर नावाने शोधायचं, आणि इथे इंग्रजी स्पेलिंग आडवं येतं. 'श्री' कुणी Shri लिहितो, कुणी Shree, कुणी Sri. उच्चारावरून शोधण्याची साउंडेक्स ही पद्धत इथे कामी येते. अमेरिकेत १९१८ मध्ये तिचं पेटंट घेतलं गेलं. पहिलं अक्षर ठेवायचं, स्वर गाळायचे आणि उरलेल्या व्यंजनांना अंक द्यायचे, म्हणजे वरची तिन्ही रूपं S600 होतात. Jadhav आणि Jadav दोन्ही J310. पण पहिलं अक्षर तसंच राहत असल्याने Wagh आणि Vagh मात्र वेगळे पडतात. आपल्याकडे ही अडचण रोजची आहे, म्हणून W आणि V एकच मानण्याचा नियम वरून घालावा लागतो. 'साई मेडिकल' तर गावोगाव असतं. नावाबरोबर गाव विचारल्याशिवाय खातं उघडू नये.

खातं उघडलं की संगणक नेहमीच्या मालाची आठवण करून देऊ शकतो. ही आठवण कशी काढायची, ते एका औषधावरून पाहू. एक केमिस्ट मेटफॉर्मिन ५०० च्या २० स्ट्रिप घेतो आणि साधारण ८ दिवसांनी पुन्हा तेवढ्याच मागवतो. एकदा स्कीम होती म्हणून त्याने ८० स्ट्रिप घेतल्या. संगणक फक्त दिवस मोजत असेल तर आठ दिवस उलटताच तो "मेटफॉर्मिन द्यायची का?" असं सुचवू लागेल, आणि कपाट भरलेल्या केमिस्टला वैताग येईल. दिवसांऐवजी खप धरला तर गणित बसतं. ८ दिवसांत २० स्ट्रिप म्हणजे दिवसाला अडीच, आणि त्या हिशेबाने ८० स्ट्रिप ३२ दिवस पुरतील. तोवर पडद्याने गप्प बसावं. रक्तदाब-मधुमेहाच्या रोजच्या गोळ्यांना हा हिशेब चांगला लागू पडतो. ओआरएस किंवा खोकल्याच्या सिरपला नाही, कारण त्यांचा खप ऋतूवर जातो. ती या यादीतून वगळलेलीच बरी.

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे, की ही यादी कधी दिसावी. केमिस्ट बोलण्याआधीच ती समोर असेल, तर फोन घेणाऱ्याचा कान त्या यादीच्या मागे जातो. वरच्या केमिस्टच्या खात्यात गेल्या वेळी साधी टेल्मिसार्टन ४० होती असं समजा. या वेळी तो 'फोर्टी एच' म्हणाला, म्हणजे टेल्मिसार्टनबरोबर हायड्रोक्लोरोथायझाइड असलेली गोळी. लाइनवर खरखर होती, 'एच' अर्धवट आला, आणि डोळ्यांसमोर आधीच '४०' लिहिलेलं. बोट तिथेच पडतं. यात निष्काळजीपणा नाही. अर्धवट ऐकू आलेलं मन ओळखीच्या गोष्टीने भरून काढतं. म्हणून केमिस्टची यादी पूर्ण लिहून होईपर्यंत सुचवणी झाकलेली असावी. नंतरही "नेहमीचंच पाठवू ना?" असं विचारू नये, कारण घाईतला माणूस "हो हो" म्हणून मोकळा होतो. "पॅन्टोप्राझोल संपत आली असेल, किती स्ट्रिप टाकू?" असं विचारलं की त्याला मान वळवून कपाटाकडे बघावं लागतं.

मग येतं परत वाचून दाखवणं. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००३ पासून तोंडी आदेश आधी लिहून मग परत वाचण्याची अपेक्षा आपल्या सुरक्षा-उद्दिष्टांत घातली. औषधांच्या नावांचा घोळ त्याआधीच ठाऊक होता. तिथे आम्लपित्तावरचं 'लोसेक' हे 'लॅसिक्स' या लघवी वाढवणाऱ्या औषधाशी गल्लत होते म्हणून १९९० मध्ये 'प्रायलोसेक' झालं.

वाचायचं ते पडद्यावर लिहिलेलं, डोक्यात राहिलेलं नव्हे. आणि शक्यतो वेगळ्या ध्वनीत. केमिस्टने 'फिफ्टी' म्हटलं आणि आपणही 'फिफ्टी' म्हटलं, तर त्याला 'फिफ्टीन' ऐकू आलं तरी तो मान डोलावतो. आपण 'पन्नास' म्हटलं तर पंधरा हवे असणारा लगेच थांबवतो. मराठीत 'सात' आणि 'साठ' जवळ येतात, तिथे 'सहा-शून्य' म्हणावं. दोन भाषांत आकडे म्हणायची आपली सवय इथे फार उपयोगी पडते.

आकड्याबरोबर मापही वाचायला हवं. 'दहा' म्हणजे दहा स्ट्रिप की दहा बॉक्स? दहावर एक फुकट अशी स्कीम असेल तर बिलात दहा आणि पिशवीत अकरा, हेही बोलून घ्यावं. इन्सुलिनचं तर विचारूच नका. 'तीस-सत्तर' हे मिश्रणाचं प्रमाण झालं. पण आपल्याकडे ते मिलिलिटरला ४० युनिटच्या बाटलीतही येतं आणि पेनमध्ये घालायच्या १०० युनिटच्या कार्ट्रिजमध्येही. म्हणून ती सुरुवातीची यादी परत वाचताना अशी वाचावी:

"काका, टेल्मिसार्टन चाळीस, एचवाली, दहा स्ट्रिप. मेटफॉर्मिन पाचशे, साधी, वीस स्ट्रिप. इन्सुलिन तीस-सत्तर, चाळीस युनिटची बाटली, पाच नग."

"बाटली नको ताई, पेनची कार्ट्रिज."

हे एक वाक्य मिळालं नसतं तर पाच बाटल्या थंड पेटीतून गेल्या असत्या. इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावं लागतं. दुकानात जाऊन परत आलेली बाटली वाटेत कुठे उन्हात राहिली नाही ना, हे सांगणं कठीण, म्हणून ती पुन्हा विकायला घेणंही धोक्याचं.

प्रत्येक ओळीनंतर क्षणभर थांबायला हवं. गाण्यासारखी सलग वाचलेली यादी कुणी ऐकत नाही, आणि ते ओळखायची खूण सोपी आहे. गर्दीच्या टेबलावर आठवडाभरात एकाही केमिस्टने वाचताना मध्येच "नाही, नाही" म्हटलं नसेल, तर सगळं अचूक चाललंय असं समजू नये. बहुधा वाचन उरकलं जातंय. दुसरी खूण परत आलेल्या मालात सापडते. प्रत्येक परतीवर कारण लिहावं: ऐकण्यात चूक, गोदामात माल काढताना चूक, की केमिस्टचाच विचार बदलला. ऐकण्यातल्या चुका वेगळ्या काढून त्या दिवशीच्या सुचवणीच्या यादीशी ताडून पाहाव्यात. चुकून गेलेलं औषध वारंवार त्या यादीतलंच निघालं, तर फोन घेणाऱ्या ताईंना बोल लावण्यात अर्थ नाही. यादी पडद्यावर वेळेआधी उघडतेय, आणि ती दुरुस्ती सॉफ्टवेअरवाल्याकडून करून घ्यायची आहे.