शून्य भागिले शून्य, तरी उत्तर नेमके

(aˣ − bˣ)/x या राशीत x = ० ठेवला, की वर १ − १ आणि खालीही शून्य उरते. त्यावरून उत्तर नाही असे म्हणता येत नाही. x शून्याजवळ नेला, की किंमत कुठे स्थिरावते ते पाहावे लागते.

a = ३, b = २ घेऊ. x = ०.१ असताना किंमत ०.४४३५ येते, ०.०१ ला ०.४०९१ आणि ०.००१ ला ०.४०५८. आकडे ०.४०५५ कडे सरकताहेत.

हे का, ते एका छोट्या युक्तीने कळते. अंशात १ वजा करून पुन्हा मिळवला, की राशीचे दोन तुकडे पडतात: (३ˣ − १)/x वजा (२ˣ − १)/x. पहिल्याची सीमा ३ चा नैसर्गिक लॉग, म्हणजे १.०९८६; दुसऱ्याची २ चा, ०.६९३१. वजाबाकी ०.४०५५. लॉगची वजाबाकी म्हणजे भागाकाराचा लॉग, म्हणून सर्वसाधारण उत्तर ln(a/b). a आणि b धन हवेत, एवढीच अट. b मोठा असेल तर उत्तर ऋण येते, दोन्ही सारखे असतील तर शून्य.

पडताळताना कॅल्क्युलेटरवर log नव्हे, ln दाबावे. १.५ साठी log दाबले तर ०.१७६१ दिसेल, तो १० पायाचा लॉग आहे. शिवाय x फारच लहान घेतला, समजा १० चा उणे विसावा घात, तर यंत्राला दोन्ही घात १ च वाटतात आणि उत्तर चक्क शून्य येते. तो दोष यंत्राच्या मोजक्या अंकांचा, सूत्राचा नव्हे.