पदाचे नाव आणि कामाचा कोड

ब्रिटनमध्ये नोकरीवर येणाऱ्या परदेशी माणसाचा ‘स्किल्ड वर्कर’ व्हिसा मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतो: पगार किती आणि काम कोणते. पहिली गोष्ट पुण्यातल्या विश्रांतवाडीत सगळ्यांना पाठ असते. 22 जुलै 2025 पासून वर्षाला 41,700 पौंडांची अट आहे. आधी ती 38,700 होती आणि एप्रिल 2024 पूर्वी तर 26,200. आळंदी रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवरही हा आकडा अचूक सांगितला जातो. अर्धवट कळते ती दुसरी गोष्ट, आणि अर्ज बहुधा तिथेच अडकतो.

41,700 ही सर्वसाधारण किमान रेषा झाली. तिच्याबरोबर प्रत्येक कामाचा स्वतःचा चालू दर असतो, आणि दोन्हींपैकी जो आकडा मोठा तो पगार द्यावा लागतो. हा दर कामाच्या चार अंकी कोडला जोडलेला असतो. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांचा कोड 2134 आणि त्याचा दर 54,700 पौंड. 26 वर्षांखालील उमेदवार किंवा तिथेच शिकून नोकरीकडे वळलेला विद्यार्थी असेल, तर काही वर्षांपुरती सवलत मिळते: किमान 33,400 पौंड आणि चालू दराच्या 70 टक्के, यांतले मोठे ते. बाकीच्या बहुतेकांना पूर्ण दर.

विश्रांतवाडीतल्या 31 वर्षांच्या एका कल्पित अभियंत्याचे उदाहरण घेऊ. तो खराडीच्या एका कंपनीत आहे आणि इंग्लंडमधल्या एका छोट्या कंपनीने त्याला 56,000 पौंड देऊ केले आहेत. पद ‘सॉफ्टवेअर इंजिनिअर’, कोड 2134, आठवड्याचे तास 40. 56,000 म्हणजे 54,700 च्या वर, तेव्हा घरी पेढे वाटायला हरकत नाही असे वाटते. पण 54,700 हा दर आठवड्याला साडेसदतीस तासांच्या कामाचा आहे. 40 तासांसाठी तो त्याच प्रमाणात वाढतो आणि सुमारे 58,350 होतो. म्हणजे पगार साधारण 2,350 पौंडांनी कमी पडला. तास साडेसदतीस लिहिले असते तर हाच पगार पुरला असता. मात्र कागदावर साडेसदतीस लिहून प्रत्यक्षात चाळीस तास राबवणे हा वेगळा आणि मोठा गुन्हा ठरतो.

पुणेकराचा गोंधळ होतो तो पगार या कल्पनेतच. पुण्यात पगार सांगायचा म्हणजे सीटीसी सांगायची. तीत मूळ वेतन असते, घरभाडे भत्ता असतो, ‘स्पेशल अलाउन्स’ असतो, कंपनीचा पीएफचा वाटा असतो, ग्रॅच्युइटी असते आणि वर्षअखेरीस मिळाला तर मिळणारा ‘व्हेरिएबल पे’ही असतो. लग्नाच्या बायोडेटात हाच फुगलेला आकडा जातो. ब्रिटिश अधिकारी यातले बहुतेक सगळे बाजूला काढतो. तो मोजतो हमखास मिळणारा मूळ पगार, करकपातीपूर्वीचा. बोनस, ओव्हरटाइम, राहण्याची सोय, प्रवासभत्ता यांना त्याच्या लेखी किंमत नाही. भारतातही 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेने भत्ते निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनातच धरायला सांगितले आहे. आकड्यांच्या या खेळाचा कंटाळा इथल्या सरकारलाही आला आहे, असाच त्याचा अर्थ.

ब्रिटिश पद्धत मात्र सर्वत्र शहाणी आहे असे नाही. लंडनचे घरभाडे आणि ईशान्येकडच्या संडरलंडचे घरभाडे यांत केवढे अंतर, पण पगाराची रेषा साऱ्या देशाला एकच. महाराष्ट्रात किमान वेतन ठरवताना कुशल, अर्धकुशल, अकुशल असे भाग करतात आणि गावाचे परिमंडळही पाहतात. एवढी साधी समज लंडनच्या तक्त्यात नाही.

आता कामाकडे. समजा, कंपनीने पगार 58,500 केला. तरीही अर्ज फेटाळला जाऊ शकतो. कंपनी प्रायोजकत्वाचे प्रमाणपत्र देते तेव्हा त्यात कोड, पद आणि कामाचे वर्णन असते. आपल्या अभियंत्याच्या वर्णनात लिहिले आहे: कर्मचाऱ्यांच्या तक्रारी नोंदवणे, पासवर्ड बदलून देणे, लॅपटॉपवर सॉफ्टवेअर बसवणे, प्रिंटर जोडणे. यात प्रोग्रॅम लिहिण्याचे काम कुठे आहे? हे काम 3132 चे, म्हणजे वापरकर्त्यांना तांत्रिक मदत करणाऱ्याचे. पदवीच्या पातळीखालच्या बहुतेक कामांसाठी जुलै 2025 पासून नवा व्हिसा मिळत नाही. मोजकी कामे तात्पुरत्या यादीत टिकली आहेत, पण त्यांवर नव्याने जाणाऱ्याला बायकामुले नेता येत नाहीत. म्हणूनच कंपन्यांना आणि एजंटांना वरचा कोड लावायचा मोह होतो. नियम असा की, व्हिसा मिळावा म्हणून कमी योग्य कोड निवडला आहे असे मानायला सबळ कारण असेल, तर अर्ज नाकारायचा. अधिकारी तीन गोष्टी पाहतो: वर्णन केलेल्या कामाची कंपनीला खरी गरज आहे का, उमेदवाराचे शिक्षण आणि अनुभव त्या कामाला साजेसे आहेत का, आणि कंपनीची आजवरची वागणूक कशी आहे.

दुसऱ्या मुद्द्यावर पुण्याची पदे दगा देतात. दोन वर्षांत ‘सिनियर’, चार वर्षांत ‘लीड’, सहा वर्षांत ‘मॅनेजर’. हाताखाली एकही माणूस नसला तरी चालते, कारण पगारवाढीऐवजी पद देणे स्वस्त पडते. नोकरी सोडताना मिळणाऱ्या अनुभवपत्रात पद आणि तारखा असतात, वागणूक समाधानकारक होती असेही असते. माणूस दिवसभर काय करत होता ते नसते. पाच वर्षे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या पत्रात ‘ऑपरेशन्स मॅनेजर’ असेल, तर 2134 चा अनुभव सिद्ध कशाने करायचा? उलट, खरा मॅनेजर ‘असोसिएट’ म्हणून कागदावर बसलेला असतो. भारतातही 2015 सालचे व्यवसायांचे राष्ट्रीय वर्गीकरण आहे, आठ अंकी कोडसह. ते नेमणूकपत्रात लिहिण्याची रीत मात्र नाही.

यावर ‘गोऱ्यांची कटकट’ हा शेरा ठरलेला असतो. पण नोकरीच्या व्हिसावर भारतात येणाऱ्या परदेशी माणसालाही वर्षाला किमान 16 लाख 25 हजार रुपये पगार असावा लागतो. त्यातून आपापल्या देशाचे जेवण करणारे आचारी आणि इंग्रजीखेरीज इतर भाषांचे शिक्षक अशांना सूट आहे. तेव्हा इथेही पगाराची रेषा आहे आणि काम नेमके कोणते हा प्रश्न आहेच.

फेटाळलेल्या अर्जाची फी परत मिळत नाही. आरोग्य अधिभार, जो वर्षाला 1,035 पौंड आहे, तो परत मिळतो. परदेशातून केलेल्या अर्जावर 28 दिवसांत फेरतपासणी मागता येते, पण तीत अधिकाऱ्याची चूक पाहिली जाते. कंपनीने चुकीचा कोड लावला असेल तर फेरतपासणीचा उपयोग नाही.

म्हणून पाहायचे ते अर्जाआधी. ब्रिटिश सांख्यिकी कार्यालयाच्या वर्गीकरणात प्रत्येक कोडखाली त्या कामाचे वर्णन मोफत वाचता येते. कंपनीकडून प्रमाणपत्रातला मजकूर मागून घ्यावा, पदाचे नाव हाताने झाकावे आणि उरलेले वर्णन कोडच्या वर्णनाशी ताडून पाहावे. जुळत नसेल तर कंपनीला तेव्हाच विचारावे. आठवड्याचे तास वाचून दर स्वतः मोजावा. पुण्याच्या कंपनीकडून रोजची कामे लिहिलेले अनुभवपत्र घ्यावे, तेही राजीनामा देण्यापूर्वी. नंतर एचआर फोन उचलेलच असे नाही. आणि ‘कोडचे आम्ही बघून घेतो’ असे म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नयेत.