रजेच्या अर्जात आजाराचं नाव लिहा

‘माझ्या पाल्यास ताप आल्यामुळे शाळेत येता आले नाही, तरी रजा मंजूर व्हावी.’ साध्या सर्दी-तापाला अर्जातलं हे एक वाक्य पुरतं. पण मुलाला कांजिण्या झाल्या असतील तर ते पुरत नाही. वर्गशिक्षकांना अशा वेळी आजाराचं नाव आणि अंगावर पहिला फोड दिसला ती तारीख हवी असते, आणि नेमक्या याच दोन गोष्टी त्यात नसतात. घरी किती दिवस राहायचं हे तापावरून ठरत नाही, फोडांवरून ठरतं. गोवरात पुरळ उठल्यापासून चार दिवस, गालगुंडात सूज आल्यापासून पाच दिवस आणि कांजिण्यांत शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत, असे प्रत्येकाचे नियम वेगळे आहेत. नुसतं ‘ताप’ लिहिलं की यातला कुठला नियम लावायचा, हे शाळेला कळत नाही.

समजा, मंद्रूपमधल्या चौथीतल्या एका मुलीला सोमवारी ३ फेब्रुवारीला शाळा सुटल्यावर कणकण आली आणि मंगळवारी सकाळी पोटावर, पाठीवर पाण्यानं भरलेले बारीक फोड दिसले. पुढचे तीन-चार दिवस नवे फोड येत राहतात, त्यामुळे अंगावर एकाच वेळी लाल ठिपका, पाणीदार फोड आणि खपली असं सगळं दिसतं. गोवरापासून कांजिण्या वेगळ्या ओळखायची ही सोपी खूण. गुरुवारी ताप उतरला म्हणून शुक्रवारी तिला शाळेत पाठवणं चूक, कारण ओल्या फोडांतून आणि श्वासातून संसर्ग अजून होत असतो. उलट खपल्या गळून डाग जाईपर्यंत तीन आठवडे घरी बसवण्याचीही गरज नाही. सगळे फोड सुकले की वाळलेल्या खपलीतून आजार पसरत नाही. बहुतेक मुलांत हा टप्पा पहिल्या फोडापासून पाच ते सात दिवसांत येतो, म्हणजे ही मुलगी साधारण ११ तारखेला वर्गात येऊ शकते. मात्र सकाळी अंघोळीच्या वेळी डोक्याच्या केसांत आणि काखेत नीट पाहावं, ओला फोड तिथेच नजरेतून सुटतो. लस घेतलेल्या मुलांत कधी कधी खपली धरतच नाही. तिथे चोवीस तासांत नवा फोड आला नाही, हे पाहायचं.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. फोड दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच संसर्ग होतो, मग सोमवारी ती वर्गात बसलीच होती, आता कळवून काय उपयोग? उपयोग इतरांना आहे. लागण झाल्यापासून फोड येईपर्यंत दहा ते एकवीस दिवस जातात. म्हणजे ३ तारखेला तिच्या शेजारी बसलेल्या मुलांवर १३ ते २४ फेब्रुवारीपर्यंत लक्ष ठेवायचं, हे शिक्षकांना कळतं. त्याहून महत्त्वाचं, वर्गावर गरोदर शिक्षिका असतील आणि त्यांना पूर्वी कांजिण्या झालेल्या नसतील, तर त्यांनी लगेच डॉक्टरांकडे जायला हवं. कर्करोगाचे किंवा स्टेरॉइडचे उपचार चालू असलेल्या मुलांचंही तसंच. त्यांना देता येणारं संरक्षक इंजेक्शन संपर्कानंतर दहा दिवसांच्या आतच उपयोगी पडतं, आणि तेही जितकं लवकर तितकं बरं. रजेचा अर्ज मुलगी परत आल्यावर दिला तर यातले बहुतेक दिवस वाया गेलेले असतात. म्हणून तो पहिल्याच दिवशी पोहोचायला हवा, मग तो वर्गशिक्षकांच्या व्हॉट्सॲपवर का असेना.

दुसरा आक्षेप लाजेचा आहे. ‘देवी आली’ म्हणून घरातली गोष्ट बाहेर न सांगण्याकडे अजूनही अनेकांचा कल असतो, आणि नाव कळलं तर मुलं चिडवतील ही भीतीही खोटी नाही. त्याची जबाबदारी शाळेची. अर्ज वर्गशिक्षक आणि मुख्याध्यापकांपुरताच ठेवावा, इतर पालकांना फक्त ‘वर्गात कांजिण्यांचा रुग्ण आहे’ एवढंच सांगावं. तिसरी अडचण पैशांची: मजुरीवर जाणाऱ्या आईनं आठवडाभर घरी कसं थांबायचं? म्हणूनच नेमके दिवस माहीत असणं तिच्या फायद्याचं. नियम कळला नाही की शाळा घाबरून जास्त दिवस पोरीला घरी ठेवायला सांगते, नाहीतर पोर लवकर परतते आणि मग धाकट्याची, शेजाऱ्यांच्या मुलांची पाळी येते.

अर्ज असा असावा: ‘माझी मुलगी, इयत्ता ४ थी, हिला कांजिण्या झाल्या आहेत. पहिला फोड ४ फेब्रुवारीस दिसला. ३ तारखेस ती वर्गात हजर होती. सर्व फोड सुकल्यावर, अंदाजे ११ तारखेस, शाळेत पाठवू. अभ्यास घरी पाठवावा.’ मुख्याध्यापकांनी रजेच्या छापील अर्जात आजाराचं नाव आणि पहिल्या लक्षणाची तारीख, अशा दोन रिकाम्या ओळी वाढवाव्यात, ही विनंती.