स्ट्रॅटेजी गेमचं परीक्षण: पर्याय मोजू नका, पेच पाहा

जितके पर्याय जास्त तितका स्ट्रॅटेजी गेम सखोल, हा परीक्षणांतला सर्वांत चिवट गैरसमज आहे. 2018 साली आलेला ‘इन्टू द ब्रीच’ तो सहज खोडून काढतो. पट फक्त 8 बाय 8 घरांचा, आपली यंत्रं तीन, आणि शत्रूचे किडे पुढे कुठे मारणार हे आधीच दिसतं. तरी एकेका खेपेला डोकं धरून बसावं लागतं.

समजा, एका रांगेतला किडा दुरून एका इमारतीवर नेम धरून आहे आणि त्याला ठार करण्याइतका मारा आपल्याकडे नाही. त्याला एक घर बाजूला ढकललं, तर तो त्याच दिशेला मारतो, पण रांग बदलल्याने इमारत वाचते. नव्या रांगेत समोर दुसरा किडा असला तर घाव त्याच्यावर बसतो. नाहीतर आपलं यंत्र मध्ये उभं करून मार अंगावर घ्यायचा. यंत्र लढाईनंतर दुरुस्त होतं. इमारतीबरोबर गेलेली वीज मात्र आपोआप भरून येत नाही, आणि ती शून्यावर आली की मोहीमच संपते. शिवाय ते यंत्र पटाच्या दुसऱ्या टोकालाही हवं असतं. खोली या ओढाताणीत आहे. परीक्षणात अशी एखादी खेप उलगडून दाखवा. प्रत्येक वेळी एकच उत्तर बरोबर ठरत असेल, तर पर्याय शंभर असले तरी निर्णय एकही नाही.

संथ खेळ म्हणजे गती वाईट, हेही खरं नाही. ‘सिव्हिलायझेशन 6’ नेहमीच्या वेगावर 500 खेपांचा, ‘मॅरेथॉन’वर 1500 खेपांचा. पण मॅरेथॉनमध्ये बांधकाम आणि संशोधन लांबतं, सैन्याची एका खेपेतली चाल मात्र तेवढीच राहते. त्यामुळे फौज जुनी होण्याआधी जास्त मुलूख घेता येतो आणि युद्ध सोपं होतं. म्हणजे वेग बदलला की खेळच बदलतो. खरी रटाळ गती वेगळी: आपण जिंकणार हे कळलेलं असतं, आणि तरी खेपा उरकत राहाव्या लागतात. ते कोणत्या खेपेला कळलं, याची नोंद ठेवा.

नकाशा दरवेळी नवा म्हणून गेम पुन्हा खेळावासा वाटतो, हा समजही अर्धाच खरा. ‘इन्टू द ब्रीच’मध्ये ‘रिफ्ट वॉकर्स’ पथक मारा करून ढकलतं. ‘रस्टिंग हल्क्स’ धूर सोडतं. धुरातल्या किड्याला हल्ला करता येत नाही, वर विजेचा मारही बसतो. वर सांगितलेल्याच पेचाला इथे वेगळं उत्तर सापडतं. दुसऱ्या पथकाने तुमच्या सवयी मोडल्या का, हे पाहिल्याशिवाय गेम पुन्हा खेळावासा वाटतो की नाही याबद्दल मत देऊ नका.

आणि मत देताना काठिण्यपातळी, वेग आणि किती मोहिमा शेवटपर्यंत खेळलात, हे वाचकाला आधी सांगा.